एडिटरची शोरील: मोंटाज ठेवू की अख्खा सीन? (वेबसीरिजच्या स्टुडिओत अर्ज करायचा आहे)

टाइमलाइनवाली (पुणे)

नमस्कार मंडळी. अंधेरी पश्चिमेच्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत वेबसीरिजसाठी एडिटरची जागा निघाली आहे. जाहिरातीत एवढंच लिहिलंय: फिक्शन कापलेलं असावं, सीव्ही एका पानाचा आणि सोबत शोरीलची लिंक.

माझं बहुतेक काम लग्नं आणि कॉर्पोरेट फिल्म्सचं आहे. एक म्युझिक व्हिडिओ आणि मित्रांची एक शॉर्टफिल्मही मी एडिट केली आहे. सध्याची रील ३ मिनिटं २० सेकंदांची आहे. क्रम असा:

०:०० पवना धरणाजवळच्या लग्नाचे ड्रोन शॉट्स
०:२५ लग्नांचे हायलाइट्स
१:१० चाकणच्या कारखान्याची कॉर्पोरेट फिल्म
१:४० म्युझिक व्हिडिओ
२:१० शॉर्टफिल्ममधले निवडक तुकडे
२:४० सगळ्याचा फास्ट मोंटाज, शेवटी नाव आणि नंबर

वर एका हिंदी सिनेमाचं गाणं लावलंय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लांबी किती ठेवू? आणि लग्नाच्या झगमगाटाशेजारी शॉर्टफिल्म फार साधी दिसते, दोन भाऊ अंगणात बोलताहेत एवढंच आहे त्यात. ती काढून टाकली तर रील जास्त चकचकीत होईल असं वाटतंय. काढू का?

---

बीटवर_कट (ठाणे)

एक मिनिट. त्यावर एक सेकंदही नको. पहिल्या पाच सेकंदांत तुमचा सगळ्यात भारी शॉट आला नाही तर समोरचा टॅब बंद करतो. गाणं जोरकस घ्या, प्रत्येक बीटवर कट, मध्ये दोन-चार स्पीड रॅम्प. शॉर्टफिल्म काढाच. मी जाहिरातींचे प्रोमो कापतो आणि मला आत्तापर्यंतची सगळी कामं अशाच रीलवर मिळाली आहेत.

---

मूव्हिओला (गोरेगाव)

थांबा, शॉर्टफिल्म अजिबात काढू नका. तुमच्या यादीत या नोकरीच्या उपयोगाची तीच एक गोष्ट आहे.

मी बरीच वर्षं फिक्शन कापतोय आणि आता टीमसाठी माणसं निवडताना अशा लिंक्स माझ्याकडेच येतात. बीटवर_कट म्हणतात ते प्रोमोच्या जागेसाठी अगदी खरं आहे. प्रोमो एडिटरला वीस सेकंदांत माणूस धरून ठेवायचा असतो, त्यामुळे त्याची रीलही तशीच हवी. पण वेबसीरिजच्या सीन एडिटरला मी त्यासाठी घेत नाही. त्याच्यापुढे एकाच संवादाचे सहा टेक असतात. त्यातला कोणता घ्यायचा, बोलणाऱ्याकडे बघायचं की ऐकणाऱ्याकडे, आणि वाक्य संपल्यावर किती थांबायचं, हे त्याला ठरवायचं असतं. मोंटाजमध्ये यातलं काहीच दिसत नाही. ड्रोन शॉट सुंदर असेल तर श्रेय उडवणाऱ्याचं आहे. बीटवर कट बसला असेल तर निम्मं काम संगीत दिग्दर्शकाने आधीच करून ठेवलेलं आहे.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की रीलमध्ये पहिला सलग संवादाचा सीन कुठे आहे ते शोधायचं आणि तिथून बघायचं. तो मिळाला नाही तर मला त्या माणसाबद्दल काही कळत नाही. वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण मत बनवायला माझ्याकडे काही नसतं आणि मग पुढची लिंक उघडली जाते.

शॉर्टफिल्मचा तो सीन सलग कसा कापलाय ते बघायला आवडेल. अख्खा सीन कुठे असेल तर लिंक द्या. आणि रशेस काय होते तेही सांगा: किती कॅमेरे, किती टेक, आवाज कसा घेतला होता.

---

घाटकोपरचा_कॅमेरा

चांगला धागा. माझाही प्रश्न तोच आहे, म्हणून इथेच विचारतो. मी सिनेमॅटोग्राफर आहे आणि एका जाहिरात स्टुडिओत अर्ज करायचाय. मीही दीड मिनिटाचा मोंटाज केलाय, एकूण साठ शॉट आहेत. म्हणजे मीही सलग सीन टाकू का? शिवाय माझे रात्रीचे शॉट्स यूट्यूबवर टाकले की काळ्या भागात चौकोन चौकोन दिसतात.

---

मूव्हिओला

@घाटकोपरचा_कॅमेरा, तुमचं गणित वेगळं आहे, त्यामुळे वरचं सगळं तुम्हाला लागू करू नका. तुमच्यासाठी मोंटाज चालतो. मात्र दीड मिनिटात साठ शॉट म्हणजे प्रत्येकाला दीड सेकंद. ट्रॉली सुरू कशी झाली आणि थांबली कुठे, हे एवढ्यात दिसत नाही. फोकस पुलरने माणूस धरला की सोडला, तेही कळत नाही. पंचवीस शॉट ठेवा आणि मूव्ह पूर्ण होऊ द्या. एकाच जागेचे वाइड आणि क्लोज शेजारी ठेवा. वाइडमध्ये केलेला उजेड क्लोजमध्ये जुळलाय का, हे बघणारा नक्की तपासतो. शेड्यूल घाईचं असताना तिथेच फजिती होते. ज्या कामात तुम्ही दुसरा कॅमेरा चालवला ते डीओपी म्हणून दाखवू नका, ही इंडस्ट्री फार लहान आहे.

चौकोनांचं कारण बिटरेट. यूट्यूब १०८०च्या फाइलला फार दाबतं. तीच टाइमलाइन ४के करून चढवलीत तर त्याला जास्त बिटरेट मिळतो आणि अंधाराचे भाग बरेच सुधारतात. पूर्ण जात नाहीत. शिवाय बघणाऱ्याने १०८०वर बघितलं तर काय होतं ते दुसऱ्याच्या मोबाइलवर तपासून घ्या.

---

टाइमलाइनवाली

मूव्हिओला सर, एवढं सविस्तर लिहिलंत, फार आभार. लिंक तुम्हाला व्यनि केली आहे.

सीन असा आहे. भोरजवळच्या एका गावात दोन भाऊ. थोरला ओट्यावर बसलाय, धाकटा मोटारसायकल लावून कागद घेऊन उभा आहे. जमीन विकायची आहे आणि थोरल्याची सही हवी आहे. सीन २ मिनिटं १० सेकंदांचा. एकच कॅमेरा, ४के, २४ फ्रेम्स. आधी मास्टर, मग दोघांचे सिंगल आणि कागदाचा एक इन्सर्ट. थोरल्याचे पाच टेक, धाकट्याचे तीन. आवाज बूमवर, वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला. दोन्ही बाजू एकाच दुपारी शूट झाल्या, पण मधे बराच वेळ गेला होता.

रील मी प्रीमियरमध्ये केली आहे. पहिला ड्रोनचा क्लिप टाकून त्यावरूनच सीक्वेन्स बनवला होता.

---

मूव्हिओला

सीन तीन वेळा पाहिला. एकदा साधा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा फक्त आवाज ऐकत. हे तिन्ही प्रकार तुम्हीही कराच, प्रत्येकात वेगळी गोष्ट सापडते.

आवाज बंद केल्यावर दिसलं ते असं: एक जण बोलतो, त्याचं तोंड मिटतं, कट. दुसरा बोलतो, तोंड मिटतं, कट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत असंच. कोण बोलतंय हे यातून कळतं, पण कोणाला काय लागलं हे कळत नाही. आणि या सीनमध्ये लागतंय थोरल्याला, तो जवळजवळ गप्पच आहे. म्हणजे अर्धा सीन त्याच्या ऐकण्यावर असायला हवा.

एकच जागा घेऊ. धाकटा म्हणतो, "पैसे तुझ्याच खात्यात येतील, माझ्या नाही." वाक्य संपल्यावर तुम्ही थोरल्याकडे जाता, तेव्हा तो आधीच खाली बघत असतो. त्याने मान खाली घातली कधी? तो क्षण तुमच्या कटच्या बाहेर राहिलाय. रशेसमध्ये मान खाली जाताना मिळते का बघा. मिळाली तर "तुझ्याच" या शब्दावरच थोरल्याकडे जा, आवाज धाकट्याचा चालू राहू दे. "माझ्या नाही" हे शब्द आपण थोरल्याच्या चेहऱ्यावर ऐकले पाहिजेत. मग त्याच्यावर थांबा. धाकट्याच्या पुढच्या वाक्याची घाई करू नका.

आता फक्त आवाज. डोळे मिटून ऐकलं तरी प्रत्येक कट कुठे आहे ते मी सांगू शकतो, कारण थोरल्याच्या टेकमध्ये मागे शेतातली मोटर चालू आहे आणि धाकट्याच्या टेकमध्ये ती बंद आहे. त्यामुळे मोटर चालू-बंद, चालू-बंद होत राहते. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण सीन तुटक वाटेल. मोटरचा पाच-दहा सेकंदांचा स्वच्छ तुकडा थोरल्याच्या टेकमधल्या शांत जागी मिळेल. तो लांबवून सबंध सीनखाली घाला आणि संवादांच्या तुकड्यांना दोन्ही टोकांना दोन-तीन फ्रेम्सचा फेड द्या. धाकट्याच्या आवाजात मोटर घालता येते. थोरल्याच्या आवाजातून ती काढायला गेलात तर त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होईल, तो मार्ग नको.

तिसरी गोष्ट रीलबद्दल. त्यात हाच सीन अडखळतो, धाकटा गाडीवरून उतरतो तो पॅन बघा. सीक्वेन्स ड्रोनच्या क्लिपवरून बनवलात ना? ड्रोन ३०वर असणार.

---

बिन_नंबर_सात (मुंबई)

असिस्टंट एडिटर आहे, रोजचं काम हेच, म्हणून तिसऱ्या मुद्द्यात डोकावतो.

पॅनवर प्लेहेड ठेवा आणि बाणाच्या बटनाने एकेक फ्रेम पुढे न्या. २४चा क्लिप ३०च्या सीक्वेन्समध्ये असेल तर चार फ्रेम्स हलतील आणि पाचवी मागचीच परत येईल, पुन्हा चार हलतील आणि एक परत. स्थिर शॉटमध्ये हे लक्षात येत नाही, पॅनमध्ये लगेच दिसतं. फिक्शनच्या स्टुडिओत तर दिसणारच.

उपाय म्हणजे सीक्वेन्स नवा बनवा, २४चा, कारण तुमचा मुख्य माल २४चा आहे. मग लग्नाचे २५चे शॉट्स उजवं क्लिक करून Modify > Interpret Footage मध्ये २४ करा. ते चार टक्के हळू होतील, कोणाला कळणार नाही आणि तिथे आवाजही लागणार नाही. ५०ने शूट केलेले शॉट्स २४ केलेत तर स्वच्छ स्लो मोशन मिळेल. कारखान्याच्या फिल्ममधल्या मुलाखतीला मात्र हे करू नका. तिथे माणूस बोलतोय, त्याचा आवाज हळू आणि जड होईल. ती २५चीच २४मध्ये टाका. सेकंदाला एक फ्रेम गळेल, पण बसून बोलणाऱ्या माणसात ते दिसत नाही.

आणि जाताजाता, जागा नक्की एडिटरचीच आहे ना? असिस्टंटची असेल तर आमच्याकडे रील कोणी नीट बघतसुद्धा नाही. सिंक करता येतं का, बिन्स कशा लावता, साउंडला एएएफ कशी पाठवता, हे विचारतात. मला तर अ‍ॅव्हिडसमोर बसवून एका दिवसाचे रशेस लावायला दिले होते.

---

बीटवर_कट

मूव्हिओला सरांचं सीनबद्दलचं पटलं, ती मोटर मी ऐकलीच नसती. पण एक शंका राहतेच. लिंक आधी एचआरवाल्याकडे जाते. त्याला एल-कट कळत नाही. ओट्यावर बसलेला माणूस पहिल्याच सेकंदाला दिसला तर तो सरांपर्यंत पोचवेल का? सुरुवातीला पंधरा-वीस सेकंद तरी वेग हवाच.

---

मूव्हिओला

मोठ्या कंपनीत तसं होतं हे खरं. बारा-पंधरा माणसांच्या पोस्ट स्टुडिओत बहुधा पोस्ट सुपरवायझर किंवा सीनियर एडिटरच लिंक उघडतो. तरीही तुम्ही म्हणता तसा छोटा तुकडा पुढे ठेवायला माझी हरकत नाही. वीस सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि त्यातही फिक्शनचे शॉट असू देत. वेगाचा तुकडा पाहून समोरच्याने प्रोमोचा माणूस असं ठरवलं की पुढचा सीन तो त्याच नजरेने बघतो.

---

टाइमलाइनवाली

जागा एडिटरचीच आहे, फोन करून विचारलं. फोनवरच्या बाईंनी सांगितलं की लिंक त्यांच्या पोस्ट सुपरवायझरकडे जाते.

रशेस पुन्हा उघडले. मान खाली जाताना टेक तीनमध्ये मिळाली, आणि इतकी सुंदर आहे की मी तेव्हा तो टेक का घेतला नव्हता ते बघितलं. कारण त्या टेकमध्ये थोरल्याच्या खांद्यावरचा टॉवेल डाव्या बाजूला आहे. बाकी सगळ्या सीनमध्ये तो उजव्या खांद्यावर आहे. कंटिन्यूइटीसाठी मी टेक पाच वापरला होता, त्यात सगळं जुळतं पण मान खाली जाताना तो नुसता खाली बघतो, चेहऱ्यावर काही नाही. काय करू?

---

बीटवर_कट

टेक पाचच ठेवा. टॉवेल लगेच पकडला जाईल. नोकरीसाठी पाठवताय, त्यात उघडउघड जर्क कसा चालेल?

---

मूव्हिओला

टेक तीन, डोळे झाकून. चेहऱ्यावर काही घडत असेल तर प्रेक्षक खांद्याकडे बघत नाही. काही घडत नसेल तर तो टॉवेल बघणारच, कारण बघायला दुसरं काही नाही. एडिटरची पारख होते ती याच निवडीत.

तरीही टॉवेल बोचत असेल तर तुमच्याकडे सोय आहे. शूट ४के आहे, रील १०८०ची. म्हणजे शॉट दुप्पट मोठा केला तरी रेझोल्यूशन कमी पडत नाही. टेक तीन साधारण सव्वापट मोठा करा आणि टॉवेल फ्रेमबाहेर जातो का बघा. फ्रेम थोडी आवळली जाईल, पण त्या वाक्यावर ती आवळलेली चालेल. त्यानंतर लगेच पुन्हा त्याच्याच सैल फ्रेमवर येऊ नका, उडी दिसेल. मधे कागदाचा इन्सर्ट ठेवा.

---

बिन_नंबर_सात

मला इथे थोडं वेगळं वाटतं. मोठं केल्यावर फोकस किती टिकतोय ते आधी शंभर टक्के झूमवर बघून घ्या. एकच कॅमेरा, छोटी टीम, फोकस पुलर असेल-नसेल. ४के फाइल असली तरी फोकस नाकावर नसून कानावर असेल तर सव्वापटीत ते उघडं पडतं. तसं असेल तर मी टॉवेलसकट मूळ फ्रेम ठेवेन.

---

कोल्हापूरची_निर्मला

चर्चा छान चालली आहे. माझा मुलगा एका टीव्ही मालिकेत एडिटिंगला आहे. त्याने कापलेले पण अजून न आलेले एपिसोड रीलमध्ये टाकून पासवर्ड लावला तर चालेल का? आणि त्याच्या मैत्रिणीची एफटीआयआयची डिप्लोमा फिल्म आहे, तिचंही असंच. इथे विचारलं तर चालेल ना?

---

मूव्हिओला

विचारा की ताई. न आलेलं काहीही टाकायचं नाही, पासवर्ड लावूनही नाही. पासवर्ड पुढे पाठवला जातो आणि ज्याने तो फोडला त्याचं नाव कधीच बाहेर येत नाही, येतं ते तुमच्या मुलाचं. शिवाय ज्याला तो काम मागतोय तोही विचार करतो, आज यांचं दाखवतोय, उद्या आमचं दाखवेल. प्रसारित झालेल्या भागातला सीन टाकावा, तोही निर्मात्याच्या माणसाला विचारून. लेखी हो आला तर मेल जपून ठेवावा. एपिसोड दोघांनी कापला असेल तर आपला सीन कोणता ते स्पष्ट लिहावं.

डिप्लोमा फिल्मचे हक्क संस्थेकडे असतात. विद्यार्थिनीने संस्थेत विचारून घेतलेलं बरं.

---

टाइमलाइनवाली

नवी मांडणी झाली. फोकस तपासला, थोडा मऊ होता पण डोळे स्पष्ट होते, म्हणून सव्वापट मोठा केला आणि टॉवेल बाहेर गेला. मोटर सबंध सीनखाली घातली. आता मलाही कट ऐकू येत नाही. "माझ्या नाही" थोरल्याच्या चेहऱ्यावर आहे, त्यानंतर तो जवळजवळ तीन सेकंद गप्प आहे. दिग्दर्शकाला दाखवलं तर तो म्हणाला फिल्ममध्येही हेच घालू.

०:०० नाव, "एडिटर", फोन, मेल (तीन सेकंद)
०:०३ शॉर्टफिल्म आणि म्युझिक व्हिडिओचे वेगवान तुकडे
०:१८ दोन भावांचा सीन, सलग ७५ सेकंद
१:३३ कारखान्यातल्या कामगाराची मुलाखत, ४० सेकंद
२:१३ पुन्हा नाव

ड्रोन गेला. लग्नं पूर्ण गेली, याचं थोडं वाईट वाटतंय, कारण माझं पोट त्यावर आहे आणि काही हायलाइट्स मी खरंच मन लावून केलेत. हिंदी गाणं काढलं, त्याच म्युझिक व्हिडिओचं गाणं पहिल्या पंधरा सेकंदांत घेतलं, संगीतकाराला विचारून. सीनखाली संगीत नाही.

मुलाखत ठेवली कारण तो माणूस अडखळत, मागेपुढे बोलला होता आणि मी ते जोडून सरळ केलंय. ते दिसेल का पण? चांगलं कापलं असेल तर कापलेलं दिसतच नाही.

---

मूव्हिओला

नवा सीन पाहिला. तो तीन सेकंदांचा थांबा ठेवल्याबद्दल मनापासून आनंद झाला.

मुलाखतीबद्दल तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. न दिसणारं काम दिसावं म्हणून कच्चा माल काय होता ते एका ओळीत सांगायचं. सीन सुरू होताना खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात: "एक कॅमेरा, थोरल्याचे ५ टेक, धाकट्याचे ३." मुलाखतीवर: "२२ मिनिटांच्या मुलाखतीतून" किंवा जो काही आकडा असेल तो. बघणारा लगेच मनात हिशोब करतो की यातून हे काढलंय. आणि "एडिट व साउंड लेव्हल माझं, ग्रेड दुसऱ्याची" हेही लिहा. ग्रेड आवडून कोणी तुम्हाला घेतलं तर पहिल्याच आठवड्यात अवघड होईल.

---

बिन_नंबर_सात

ती ओळ पडद्यावर नको असं माझं मत. इतक्या हळुवार सीनवर अक्षरं आली की नजर तिकडेच जाते. व्हिडिओच्या खाली वर्णनात वेळेसकट लिहा, सीव्हीतही लिहा.

---

मूव्हिओला

वर्णन उघडून वाचणारे फार थोडे, लिंक मेलमधून थेट पडदाभर उघडतात. मी पडद्यावरच लिहायला सांगेन, पहिल्या मास्टर शॉटवर दोन सेकंद आणि मग पुसून टाका. पण तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही, ज्याने त्याने बघून ठरवावं.

---

बीटवर_कट

लग्नं पूर्ण काढू नका असं मला अजूनही वाटतं. दहा तासांच्या लग्नातून चार मिनिटं काढणं हीपण निवडच आहे ना? वेगळी लिंक करून सीव्हीत "इतर काम" म्हणून द्या. व्हिमिओवर चढवत असाल तर तिथे तीच लिंक ठेवून आतली फाइल बदलता येते. यूट्यूबवर येत नाही, नवी फाइल म्हणजे नवी लिंक. उद्या एक शब्द चुकलेला दिसला तर ते बरं पडतं.

---

घाटकोपरचा_कॅमेरा

साठ शॉटचे सत्तावीस केले. वाइड-क्लोज शेजारी ठेवले तर दोन ठिकाणी माझा उजेड जुळत नाहीये. ती दोन्ही कामं काढली. आता रील ५५ सेकंदांची उरली. हे फार कमी होतंय का, कोणी सांगेल का?

---

टाइमलाइनवाली

व्हिमिओवरच टाकली. ओळ मास्टर शॉटवर दोन सेकंद ठेवली, आणि सीव्हीतही लिहिली. लग्नांची वेगळी लिंक केली, त्यात एकच लग्न, सलग चार मिनिटं. आज मेल गेला.

लगेच उत्तर आलं! पुढच्या आठवड्यात एडिट टेस्टला बोलावलंय. एका सीनचे रशेस देणार आणि त्यांच्याच मशीनवर चार तासांत कट द्यायचाय. मशीनवर अ‍ॅव्हिड आहे. मी सगळं प्रीमियरवर केलंय.

---

बिन_नंबर_सात

अभिनंदन! फोन करून आधीच सांगा की प्रीमियरवर काम केलंय, बरेच स्टुडिओ टेस्टपुरता प्रीमियर देतात. नाही म्हणाले तर अ‍ॅव्हिडचं मीडिया कंपोझर घरी टाकून घ्या आणि ट्रिम मोड तेवढा हाताखाली आणा. बाकी मेन्यू सापडतात, ट्रिम वेगळं वाटतं. एडिटिंगचा कीबोर्ड प्रीमियरसारखा लावून घेता येतो, ते सेटिंग्जमध्ये आधी बघून ठेवा.

---

मूव्हिओला

चार तासांतला पहिला तास फक्त रशेस बघण्यात घाला, एकही कट न मारता. ऐकणाऱ्याच्या टेकमध्ये काय काय आहे ते कागदावर टिपा, टेक नंबर आणि वेळ. टेस्ट बघणारे बहुधा तेच विचारतात, "हा टेक का घेतला?"

@घाटकोपरचा_कॅमेरा, ५५ सेकंद पुरे आहेत. त्या दोन कामांच्या फ्रेम्स इथे टाका, उजेड कुठे सुटलाय ते बघू.